मला ‘मजामां’ म्हणू नकोस

हे पत्र मी माझ्या बायकोला दोन वर्षांपूर्वी श्रावणात लिहिलं. आम्ही बडोद्याचे. माझे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीसाठी इथे आले आणि आम्ही इथलेच झालो. बायको सांगलीची, लग्नानंतर इथे आली. पत्र लिहिलं तेव्हा तिला डिप्रेशनचं निदान होऊन दहा दिवस झाले होते. समोर बसून बोलायला गेलो की माझं बोलणं उपदेशाकडे वळायचं, म्हणून लिहून दिलं. अंकासाठी हे द्यावं असं तिनेच सुचवलं. देण्याआधी तिने पुन्हा वाचलं आणि दोन वाक्यं खोडली. ती इथे नाहीत. आमची नावंही घातलेली नाहीत. ओळखीचे लोक ओळखतील, त्याला आमची हरकत नाही.

*

अगं,

हे पत्र तुझ्या उशीपाशी ठेवून कामावर जातोय. याला उत्तर द्यायचं नाही. एका बैठकीत वाचून झालं नाही तर अर्धं ठेव. चार ओळींच्या पुढे लक्ष लागत नाही हे या आजारातच होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. त्यामुळे अर्धं ठेवलंस तरी चालेल.

आधी मंगळवारचं उत्तर देतो. रात्री दिवा घालवल्यावर तू विचारलंस, “तू कंटाळला नाहीस का? मी सांगलीला जाऊन राहू का?” मी म्हणालो, “काहीतरीच काय बोलतेस, झोप.” मला वाटलं मी धीर दिला. खरं म्हणजे मी तुझा प्रश्न उडवून लावला. आता नीट सांगतो. हो, मी थकलोय. सकाळचा डबा, ऑफिस, घरी आल्यावर लेकीचा अभ्यास, आणि दिवसभर तुझी काळजी, यांनी माणूस थकतो. पण थकणं वेगळं आणि सोडून जाणं वेगळं. मी थकलो की तसं सांगेन, कमाटीबागेत एक चक्कर मारेन आणि तासाभरात परत येईन. तुला सांगलीला चार दिवस जावंसं वाटलं तर मी सोडायला येईन आणि आणायलाही येईन. पण माझ्यावरचं ओझं कमी व्हावं म्हणून तू कुठेही जायचं नाहीस. मीही कुठे जात नाहीये.

दुसरं, माझ्या चुका. संक्रांतीनंतर तू सकाळचा रेडिओ लावायची बंद झालीस. पहाटे चारला उठून स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली दिसायचीस. मी म्हणायचो, ॲसिडिटी असेल, ओवा खा. मग तू दुपारी झोपायला लागलीस तेव्हा मला तो आळस वाटला. एकदा तर मी तुला विचारलं, “तुला कशाची कमी आहे?” हा प्रश्न विचारून मी तुझ्या हातात आणखी एक दगड दिला. कमी काहीच नाही हे तुलाही दिसत होतं, आणि तरी बरं वाटत नव्हतं, म्हणजे दोष आपलाच, असं तू धरून बसलीस. मग मी पावागढची सहल काढली. सगळ्या फोटोंत तू हसतेयस. परत आल्यावर दोन दिवस तू उठली नाहीस, आणि मी मनात म्हणालो की एवढा खर्च करून उपयोग झाला नाही.

आणखी एक गोष्ट आजवर सांगितली नव्हती. डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण त्यांच्यातल्या बिघाडानेही असंच थकायला आणि उदास व्हायला होतं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा मला वाईट वाटलं. थायरॉइड निघालं असतं तर लोकांना सांगायला एक सोपं नाव मिळालं असतं. म्हणजे तेव्हाही मला तुझ्यापेक्षा लोकांची जास्त चिंता होती. त्याबद्दल माफ कर.

आता सगळ्यात अवघड. दवाखान्यात तुला नऊ प्रश्नांचा कागद भरायला दिला होता. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. सत्तावीसपैकी तुझे एकोणीस झाले. आकड्याने मी घाबरलो नाही. शेवटच्या प्रश्नाने घाबरलो. मेलेलं बरं असं वाटतं का, यापुढे तू ‘काही दिवस’ला खूण केली होतीस. रिक्षात मी तोंडातून शब्द काढला नाही ते त्यामुळे. तुला वाटलं असेल मी रागावलो. मी घाबरलो होतो, आणि विचारलं तर तो विचार तुझ्या डोक्यात आणखी पक्का होईल असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, “विचारल्याने असा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. तो आधीच असेल तर एकटीने सांभाळायचं ओझं कमी होतं. सरळ शब्दांत विचारा.” तर मी सरळ विचारणार आहे: “आज मरून जावं असं वाटलं का?” तू हो म्हणालीस तर मी ओरडणार नाही, लेकीची शपथ घालणार नाही आणि ‘आमचा काही विचार केलास का’ असंही म्हणणार नाही. नुसता विचार येऊन गेला असेल तर आपण बसून बोलू. पण विचार जात नसेल, किंवा काही करावंसं वाटत असेल, तर मला उठव. रात्रीचे तीन वाजले असले तरी उठव. त्या दिवशी मी कामावर जाणार नाही, तुला एकटं ठेवणार नाही आणि आपण डॉक्टरांकडे जाऊ.

घरातल्या औषधांचा डबा मी माझ्या कपाटात ठेवलाय, हे तुला चोरून केलेलं नाही, सांगून करतोय. तुझी रोजची गोळी मी बशीत काढून ठेवेन. आणि एक वचन मी देणार नाही. तू मला जे सांगशील ते माझ्यापाशी राहील, आईला नाही, तुझ्या भावालाही नाही. पण जीव धोक्यात आहे असं दिसलं तर ते मी डॉक्टरांना सांगेन. हे आधीच सांगतोय, म्हणजे नंतर फसवलं असं वाटायला नको.

ऐकायचं कसं हे मला येत नाही, हे रविवारी कळलं. तू म्हणालीस, “मला तिचा आवाजही नकोसा होतो. आई म्हणून मी नालायक आहे.” मी लगेच म्हणालो, “अजिबात नाही! किती छान आई आहेस तू. परवा तिचं प्रोजेक्ट कुणी करून दिलं?” तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी समाधानाने चहा प्यायला गेलो.

परवा समुपदेशक बाईंनी मला अर्धा तास वेगळं बसवलं तेव्हा हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही धीर नाही दिलात, वाद घातलात आणि जिंकलात.” मी घरी येईपर्यंत त्यावर विचार करत होतो. ते वाक्य बोलायला तुला किती जड गेलं असेल. स्वतःच्या मुलीचा आवाज नकोसा होतो हे आपल्याकडे कुठली आई बोलून दाखवते? आणि मी ते दहा सेकंदांत खोडून काढलं. त्याचा अर्थ तुला असा लागला असणार की याला खरं सांगून उपयोग नाही, याला बरं तेच सांगायचं.

मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं? बाईंनी माझ्याकडूनच काढून घेतलं. “तिचा आवाज सहन होत नाही, आणि सहन होत नाही म्हणून तुला अपराधी वाटतं. असंच ना?” बस, एवढंच. जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, बरोबर ऐकलं का ते विचारायचं आणि मग गप्प राहायचं. सल्ला द्यायची जीभ शिवशिवली तर आधी विचारायचं, “नुसतं ऐकू, की काही सुचवू?” सोपं वाटतं, पण मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत दोनदा विसरलो होतो. चुकलो तर हात वर कर. मी थांबेन.

याचा अर्थ तुझा आजार जे जे सांगेल त्याला मी मान डोलवेन असा नाही. “मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल,” असं तू म्हणालीस तर मी वाद घालणार नाही, पण होकारही देणार नाही. मी म्हणेन, “तुला तसं वाटतंय हे मी ऐकलं. मला तसं वाटत नाही.” आणि तिथेच बसून राहीन.

तर रोज रात्री साडेनऊला, लेक झोपल्यावर, मागच्या ओट्यावरच्या झोपाळ्यावर वीस मिनिटं. फोन आतल्या खोलीत. समोरासमोर नको, शेजारी बसू; नजर चुकवावी लागत नाही. तुला बोलायचं नसेल तर नुसतं बसू. वीस मिनिटं झाली की मी उठेन, म्हणजे ही चौकशी कधी संपणार असं तुला होणार नाही. तू आली नाहीस तर मी एकटा बसेन आणि तुला काही विचारणार नाही.

गोळ्यांबद्दल. काल तू म्हणालीस, “दहा दिवस झाले, काही फरक नाही, फक्त मळमळतं.” डॉक्टरांनी मला वेळापत्रक सांगितलं होतं, ते तुझ्यासाठी लिहून ठेवतो. पहिला आठवडा-दोन आठवडे मळमळ, अस्वस्थपणा, झोपेचा गोंधळ होऊ शकतो आणि तो बहुतेक वेळा ओसरतो. फार वाढला तर आपण फोन करायचा. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला सहा ते आठ. या गोळीने नाहीच आला तर डॉक्टर मात्रा किंवा गोळी बदलतील, त्यात तुझं काही चुकलं असं होत नाही. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची असते, आणि मनाने एकदम बंद करायची नसते. म्हणजे दहाव्या दिवशी फरक नसणं हे ठरल्याप्रमाणेच आहे.

मी मात्र एक गोष्ट बंद करतोय. रोज सकाळी उठल्या उठल्या ‘आज बरं वाटतंय का?’ असं विचारणार नाही. ती तुझी रोजची परीक्षा झाली होती, आणि तुझी सकाळच सगळ्यात जड असते. म्हणून सकाळ माझी. दूध, डबा, लेकीची वेणी, शाळेची रिक्षा, सगळं. वेणी वाकडी होते असं ती म्हणते, होऊ दे. संध्याकाळी तुला थोडं हलकं वाटतं, तेव्हा एक काम तुझं. काम लहान हवं, असं बाई म्हणाल्या. मन लागेल तेव्हा करू म्हटलं तर ते लागतच नाही. आधी थोडं करायचं, मन मागून येतं. फिरायला जाणं हे मोठं काम झालं. चपला घालून फाटकापर्यंत जाणं, हे आजचं काम. तेही झालं नाही तर चपला घालून बस. तेवढंही मोजायचं.

आईबद्दल तुला सांगायचं होतं. परवा ती म्हणाली, “आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.” तू ऐकलंस, मला माहीत आहे. रात्री मी तिच्याशी बोललो. बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “माझी एक मावशी होती. वर्षभर माजघरात बसून असायची. सगळे म्हणायचे कामचुकार आहे. मीसुद्धा म्हणायचे.” दुसऱ्या दिवशी तिने तुझ्यासाठी मऊ भात आणि मेतकूट केलं आणि काही न बोलता ठेवून गेली, ते म्हणून. तिला माफी मागता येत नाही, तिची पद्धत ही आहे.

बाहेर कुणाला काय सांगायचं ते तू ठरव. मी कुणालाही स्वतःहून सांगणार नाही, पण थायरॉइडचं खोटंही सांगणार नाही. गणपती जवळ आलेत. मंडळात आरतीला पेटीवर तू नसशील तर लोक विचारतील. मी म्हणेन, “यंदा तिची तब्येत बरी नाही.” ते खरंच आहे.

एक शेवटचं. लग्न होऊन तू इथे आलीस तेव्हा पहिलं गुजराती तुला मीच शिकवलं. कुणी ‘केम छो?’ विचारलं की ‘मजामां’ म्हणायचं, दुसरं उत्तरच नसतं, असं मी सांगितलं होतं. गेले सहा महिने तू शेजारी, भाजीवाल्याला, शाळेतल्या बायांना ‘मजामां’ म्हणतेयस. डॉक्टरांनी गुजरातीत विचारलं तेव्हाही तू आधी तेच म्हणालीस, आणि मग मराठीत म्हणालीस, “मला काहीच वाटत नाही. रडूही येत नाही.” तिथून त्यांना कळायला लागलं. बाहेर काय म्हणायचं ते म्हण. घरात मला मजामां म्हणू नकोस. ‘आज जड आहे’ म्हण, ‘आज मधलं आहे’ म्हण. बोलवत नसेल तर बोटं दाखव, एक म्हणजे फार जड, पाच म्हणजे हलकं. दिवसभर एकच राहिलं तरी मी निराश होऊन तुझ्यावर चिडणार नाही. चिडलोच तर तो माझा थकवा, तुझा दोष नाही. माझं मन मोकळं करायला मी दर शनिवारी दादाकडे जाणार आहे, म्हणजे तेही तुझ्यावर पडणार नाही.

साडेनऊला मी झोपाळ्यावर आहे.

*

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण पत्राने माणूस बरा होत नाही.

पहिल्या दोन रात्री ती आली नाही. तिसऱ्या रात्री आली आणि वीस मिनिटं काही बोलली नाही. सहाव्या रात्री म्हणाली, “डोक्यात गिरणी चालू असल्यासारखं असतं.” मी विचारलं, “आवाज थांबतच नाही, असं?” ती म्हणाली, “हो,” आणि मग चार-पाच मिनिटं बोलली. मधे दोन रात्री तिने मला उठवलं. एकदा आम्ही पहाटेपर्यंत बसलो, आणि एकदा सकाळीच डॉक्टरांकडे गेलो. पाचव्या आठवड्यात तिने तक्रार केली की माझ्या भाजीत मीठ फार असतं. किती तरी महिन्यांनी तिला चव लागली होती.

दिवाळीत बरं वाटतंय म्हणून तिने मनाने गोळी बंद केली. तीन दिवसांत चक्कर, चिडचिड, झोप गेली. डॉक्टरांना फोन करून पुन्हा सुरू केली. नंतर वर्षभराने त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू मात्रा कमी करत थांबवली. या काळात मी एकदा जोरात ओरडलो, पत्रातलं सगळं विसरून. दुसऱ्या रात्री झोपाळ्यावर तिने ऐकून घेतलं आणि मी बोललो.

तुमच्या घरात असं कुणी असेल आणि कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येतं. आजारी माणसानेच फोन करावा असं नाही, घरचे करू शकतात. जीवाला धोका वाटत असेल तर मात्र फोनवर थांबू नका, त्या माणसाला एकटं न सोडता दवाखान्यात न्या.

हा लेख पाठवण्याआधी मी तिला विचारलं, त्या पत्रातलं तुला काय उपयोगी पडलं? मला वाटलं होतं रविवारची हकीकत म्हणेल. ती म्हणाली, “अर्धं ठेवलंस तरी चालेल, हे. मी खरंच अर्धंच वाचलं होतं. उरलेलं तीन आठवड्यांनी वाचलं.”